भाऊबीजेच्या पाकिटातली चिठ्ठी कशी लिहावी

कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम आपल्या बहिणीच्या, म्हणजे यमुनेच्या घरी जेवायला गेला, अशी कथा आपल्याकडे परंपरेने सांगितली जाते. म्हणूनच या तिथीला यमद्वितीया हे दुसरे नाव आहे, आणि त्या दिवशी भावाने स्वतःच्या घरी न जेवता बहिणीकडे जाऊन जेवावे, असा रिवाज पडला. राखीपौर्णिमेला राखी बांधणारी बहीण असते; भाऊबीजेला मात्र घराचा उंबरा ओलांडून जायचे असते ते भावाने. तिथे गेल्यावर बहिणीच्या हाताला कामे पुष्कळ असतात. पाट मांडायचा, त्याच्याभोवती रांगोळी घालायची, कुंकू आणि अक्षता लावायच्या, सुपारी व सोन्याची अंगठी ओवाळायची, मग निरांजनाने औक्षण करायचे, आणि एवढे झाल्यावर पाने वाढायची. भावाचे काम एकच असते, ते म्हणजे तबकात ओवाळणी घालणे. त्या ओवाळणीच्या पाकिटात स्वतःच्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठी असावी, असे ज्याला मनापासून वाटते, परंतु शाळा सुटल्यापासून ज्याने अर्जापलीकडे काही हाताने लिहिलेले नाही, त्याच्यासाठी हा लेख आहे.

साहित्य फारसे लागत नाही. एक रेघी कागद, त्याचा अर्धा भाग, निळे किंवा काळे पेन आणि कच्च्या लेखनासाठी दोनचार पाठकोरे कागद पुरतात. वेळ मात्र दोन बैठकांचा ठेवावा आणि त्या दोन बैठकांमध्ये निदान एक रात्र जाऊ द्यावी. भाऊबीजेच्या सकाळी, बहिणीकडे निघण्याच्या गडबडीत लिहायला बसलो, तर हात आपोआप त्या वाक्यांकडे वळतो जी गेले चार दिवस मोबाइलवर येत आहेत. पहिली बैठक वसुबारसेच्या आधीच उरकलेली बरी, कारण एकदा फराळाची आणि पाहुण्यांची ये-जा सुरू झाली की अर्धा तासही एकट्याला मिळत नाही.

पहिल्या बैठकीत चिठ्ठी लिहायचीच नाही. आधी मनात जे काही तयार वाक्य येते ते कागदावर उतरवून मोकळे व्हावे, म्हणजे ते पुढे आड येत नाही. मी दोन वर्षांपूर्वी माझ्या ताईसाठी पहिल्यांदा लिहायला बसलो तेव्हा जे उतरले ते असे होते: "ताई, तू माझ्यासाठी फक्त बहीण नाहीस, तर दुसरी आई आहेस. प्रत्येक संकटात तू नेहमी माझ्या पाठीशी उभी राहिलीस. तुझ्यासारखी बहीण मिळायला भाग्य लागतं." यातले एकही वाक्य खोटे नव्हते. तरीही ते वाचताना मला माझी ताई दिसेना, आणि तिने वाचले असते तर तिलाही तिचा भाऊ दिसला नसता.

असे वाक्य ओळखण्याची एक सोपी खूण आहे. त्यात "नेहमी", "सदैव", "प्रत्येक", "कायम" यांपैकी एखादा शब्द हमखास असतो. हे शब्द आले की समजावे, आपण घडलेली गोष्ट सांगत नसून गोळाबेरीज सांगत आहोत. दुसरी खूण उपमेची. "दुसरी आई" ही उपमा मला आता फार खटकते, कारण माझी ताई माझ्यापेक्षा केवळ सहा वर्षांनी मोठी आहे. मी चौथीत होतो तेव्हा ती दहावीत होती. म्हणजे ती स्वतःच एक परीक्षेच्या धास्तीतली मुलगी होती. तिला आई म्हटले की तिने जे केले ते आईचे कर्तव्यच होते, असा अर्थ निघतो, आणि सोळाव्या वर्षी तिने ज्यावर पाणी सोडले ते दिसेनासे होते. तिसरी खूण तपासून पाहण्याची आहे: ते वाक्य शेजारच्या मुलाने त्याच्या बहिणीला जसेच्या तसे लिहिले तर चालेल का? चालत असेल, तर ते आपले नव्हे, आणि त्यावर काट मारावी.

काट मारून झाली की उरलेल्या वेळात आठवणी गोळा कराव्यात, आणि त्या भावनांच्या नावाने शोधू नयेत. "ताईने माझ्यावर प्रेम कधी केले" असे स्वतःला विचारले तर काहीच आठवत नाही. वस्तूंच्या आणि जागांच्या नावाने शोधल्या तर भराभर आठवतात. घरात दोघांनी मिळून वापरलेली कोणती वस्तू होती? कोणत्या खिडकीपाशी कोण बसायचे? दोघांनाच माहीत असलेला शब्द कोणता? घरी कोणाला सांगायचे नाही असे काय ठरले होते? माझ्या कागदावर दहा मिनिटांत जे उतरले त्यात कंदील, कंपासपेटीचे तुटलेले बिजागर, एस.टी. स्टँडवरचा बाक, आंब्याच्या अढीतले पेंढ्याचे गवत आणि ताईचा आतेबहिणीच्या लग्नातला हिरवा परकर एवढे होते. पूर्ण वाक्ये लिहायची नसतात, नुसते शब्द पुरतात.

यातून एकच निवडायचे असते, आणि सर्वांत जास्त चूक इथेच होते. माणसाला वाटते की पाचही आठवणी घातल्या तर पत्र भरगच्च होईल. प्रत्यक्षात पाचांची यादी होते आणि यादी वाचताना डोळे कुठेच थांबत नाहीत. निवडीसाठी मी एक कसोटी लावतो. ज्या प्रसंगात तिने काहीतरी केले, ते त्या वेळी आपल्याला कळले नाही आणि पुष्कळ उशिरा कळले, तो प्रसंग घ्यावा. असे प्रसंग बहिणीलाही बहुधा आठवत नसतात, किंवा आठवत असले तरी भावाच्या लक्षात आले असेल असे तिला वाटत नसते; त्यामुळे चिठ्ठीत तिच्यासाठी खरोखरीच काही नवे असते. ज्या प्रसंगात आपणच शूर किंवा हुशार ठरतो तो सोडून द्यावा. तिच्या सासरच्या माणसांच्या हाती चिठ्ठी पडली तर तिला ओशाळवाणे व्हावे असा प्रसंगही, कितीही गमतीचा असला तरी, घेऊ नये.

मी कंदील घेतला. २००६ च्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावी भारनियमन इतके होते की संध्याकाळचे काही तास अंधारात काढणे ठरलेलेच असे. घरात इन्व्हर्टर नव्हता. एका कंदिलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघे बसायचो. ती दहावीचा अभ्यास करायची आणि मी चित्रे रंगवायचो. मला आठवत होते ते एवढेच की कंदिलाची वात वरखाली करण्याची चावी रोज माझ्या बाजूला असायची आणि ती ताईने मला फिरवायला दिली आहे याचा मला फार आनंद व्हायचा. घर आवरताना तो कंदील माळ्यावरून खाली काढला, तेव्हा उरलेली गोष्ट समजली. त्याची काच चावीच्या बाजूला स्वच्छ होती आणि विरुद्ध बाजूला काजळीने काळी पडलेली होती. वात तिरपी कापली गेली की ज्योत एका कडेने उंच चढते आणि त्याच बाजूची काच काजळते. आमच्या कंदिलाची वात तशीच होती. चावी माझ्याकडे यायची, कारण स्वच्छ काच माझ्याकडे यावी म्हणून ताई कंदील फिरवून ठेवायची. बोर्डाच्या परीक्षेचे वर्ष असलेली मुलगी काळ्या काचेतून येणाऱ्या उजेडात वाचत होती, आणि चौथीतला मुलगा सूर्य आणि डोंगर रंगवत होता.

असा तपशील हाताशी आला की लिहिण्याआधी तो एकदा पडताळून पाहावा. आठवण वर्षाला किंवा जागेला हमखास चुकते, आणि बहिणीला ती चूक पहिल्याच वाचनात दिसते. मी आईला विचारले, तेव्हा कळले की मी ज्याला स्वयंपाकघर समजत होतो ती खरे तर पडवी होती, कारण आत डास फार असत. विचारणे शक्य नसेल तर "मला आठवतं तसं" एवढे जोडून पुढे जावे.

दुसऱ्या बैठकीत प्रत्यक्ष चिठ्ठी. आधी मायन्याचा प्रश्न येतो आणि नवखा माणूस तिथेच बराच वेळ अडतो. जुन्या रीतीने वडील बहिणीला "ती. ताईस, सा.न.वि.वि." आणि धाकटीला "चि. ... हिस अ. उ. आ." असे लिहीत, म्हणजे एकीला साष्टांग नमस्कार विनंती विशेष आणि दुसरीला अनेक उत्तम आशीर्वाद. घरात अशी पत्रे येत असतील आणि बहिणीला ती वळणे आवडत असतील तर अवश्य वापरावीत. नसतील तर आपण तिला ज्या नावाने हाक मारतो तेच नाव आणि पुढे स्वल्पविराम, एवढा मायना पुरतो. नावाआधी "सौ." लावावे का, याबद्दल माझे मत असे की घरच्या चिठ्ठीत ते लावूच नये. तिचे लग्न झाले आहे की नाही, टिकले आहे की नाही, याच्याशी भावाच्या चिठ्ठीचा संबंध नाही, आणि ज्या बहिणीच्या नावामागून ते अक्षर गळून पडले आहे तिला त्याचे नसणेही बोचते. बोलताना तिला "अगं ताई, तू" म्हणत असाल तर कागदावरही तूच लिहावे. कागद समोर आला की पुष्कळजण "आपण" आणि "तुम्ही"वर जातात, आणि चिठ्ठी एकदम कार्यालयीन होते. ज्या घरात मोठ्या आक्काला "अहो" म्हणण्याचीच पद्धत आहे, तिथे अर्थातच "अहो" ठेवावे. सारांशाने, भाषा जिभेवर असेल तीच असावी. "आपल्या निरोगी दीर्घायुष्यासाठी ईश्वरचरणी प्रार्थना" आपण तिच्याशी फोनवर बोलताना म्हणत नसू, तर इथेही म्हणू नये.

मायन्यानंतर सणाच्या शुभेच्छा, हवामान, दिवाळी कशी चालली आहे, यांपैकी काहीही न लिहिता थेट त्या वस्तूपाशी यावे. प्रसंग चारपाच वाक्यांत सांगावा, आणि सांगताना त्याचा अर्थ सांगण्याचा मोह आवरावा. "यावरून तुझा त्याग दिसतो" हे वाक्य माझ्या दुसऱ्या कच्च्या कागदावर होते. ते मी खोडले, कारण काजळलेली काच सांगून झाल्यावर त्याग हा शब्द काही वाढवत नव्हता, उलट भाषणाचा सूर आणत होता. प्रसंगानंतर तो आपल्याला कधी आणि कसा कळला, हे एका वाक्यात यावे.

मग शेवटचा भाग, आणि हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो, तेव्हा चिठ्ठीतही काही घातलेले असावे. "कधीही हाक मार, मी आहे" हे वचन ऐकायला चांगले वाटते. परंतु त्यात हाक मारण्याचे कामही बहिणीवरच पडते. त्याऐवजी तिच्या सध्याच्या दिवसांतले एखादे ओझे पाहावे आणि त्यातला एक ठरावीक भाग, तारखेसह, आपल्याकडे घ्यावा. माझी ताई आईच्याच गावी राहते, त्यामुळे आईची औषधे, दवाखाने, गॅसची टाकी हे सगळे गेली कित्येक वर्षे तिच्या गळ्यात आहे. त्या वर्षी आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन जानेवारीत ठरले होते आणि ताईने त्यासाठी आठ दिवसांची रजा मनात धरली होती. मी लिहिण्याआधी माझ्या कार्यालयात रजा मंजूर करून घेतली आणि गाडीचे तिकीट काढले; मगच ते वाक्य लिहिले. पाळता येईल याची खात्री नसलेले वचन घालण्यापेक्षा तो भाग कोरा ठेवलेला चांगला.

दोन कच्चे कागद वाया गेल्यानंतर पाकिटात गेलेली चिठ्ठी अशी होती:

"ताई,
माळ्यावरचा कंदील परवा खाली काढला. तुझी दहावी होती तेव्हा पडवीत आपण त्याच्या दोन बाजूंना बसायचो, ते आठवतं का? वातीची चावी तू रोज माझ्याकडे करून द्यायचीस आणि मला वाटायचं की तू मला मोठं समजायला लागलीस. मी ती चावी उगीचच फिरवत बसायचो आणि तू एकदाही ओरडली नाहीस.
काल काच पुसायला घेतली. चावीकडची बाजू स्वच्छ आहे आणि पलीकडची अजून काळी आहे. काळी बाजू तू तुझ्याकडे ठेवायचीस, हे मला चौथीत नाही कळलं, काल कळलं.
आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ५ जानेवारीपासून दहा दिवस मी येतोय. रजा मिळाली आहे, तिकीटही काढलंय. डोळ्यांत थेंब घालण्याच्या वेळा फक्त मला लिहून दे. तू तुझी रजा तुझ्यासाठी ठेव, आणि त्या दहा दिवसांत आईच्या घरी यायचंच असेल तर फक्त जेवायला ये.
काच मी पूर्ण पुसलेली नाही. तू आल्यावर बघ.
तुझा,
बाळ्या"

शंभर-सव्वाशे शब्दांच्या आसपास भरते. याहून मोठी चिठ्ठी होऊ लागली तर समजावे की दुसरी आठवण आत शिरली आहे. पक्की प्रत करण्याआधी एकदा मोठ्याने वाचावी. जिथे आपल्याच कानाला भाषण ऐकू येईल किंवा जिथे जीभ अडखळेल, तिथे बहुतेक वेळा एखादे उसने वाक्य मागे राहिलेले असते. अक्षर वाईट असले तरी टंकलेखन करू नये. खाडाखोड मात्र एकदोन ठिकाणांपलीकडे असेल तर पुन्हा उतरवून काढावी.

बहीण धाकटी असेल तर वरचे सर्व लागू आहेच, पण एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी लागते. मोठ्या भावाचा हात उपदेशाकडे फार लवकर जातो. अभ्यास नीट कर, तब्येत सांभाळ, रात्री उशिरा बाहेर राहू नकोस, अशा तीन सूचना आल्या की ती चिठ्ठी न राहता नियमावली होते. तिथे मी असे सुचवीन की तिच्याकडून आपण काय शिकलो, असा एखादा प्रसंग शोधावा. धाकट्या बहिणीला मोठ्या भावाने हे सहसा सांगितलेले नसते.

दोघांमध्ये अबोला असेल तर चिठ्ठी लिहावी की नाही, हा प्रश्न कठीण आहे. माझे मत लिहावी असेच आहे, मात्र त्यात भांडणाचा निवाडा करू नये आणि "झालं गेलं विसरून जाऊ" असेही म्हणू नये, कारण काय विसरायचे ते एकट्या भावाने ठरवायचे नसते. आपली जी चूक आपल्याला निःसंशय मान्य आहे तेवढी एका वाक्यात लिहावी आणि तिथेच थांबावे. वडिलांच्या जमिनीचा किंवा घराचा विषय या कागदावर चुकूनही येऊ नये. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळालेला आहे, आणि तरीही दिवाळीच्या गोडव्यात बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवणारे भाऊ मी पाहिले आहेत. ज्या पाकिटात माया लिहिली त्याच पाकिटातून पुढे सहीची अपेक्षा डोकावली, तर त्या चिठ्ठीतले प्रत्येक अक्षर बहिणीला मागाहून खोटे वाटते.

चिठ्ठी देण्याची वेळही ठरवून ठेवावी. औक्षण झाल्यावर ओवाळणीच्या पाकिटातच ती घडी करून घालावी आणि आत काय आहे ते सांगू नये. सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावणे तर टाळावेच. त्या वेळी तिचे अर्धे लक्ष गॅसवरच्या कढईकडे असते आणि भरल्या घरात तिला डोळे पुसायलाही जागा नसते. ती दुपारी सगळे निजल्यावर पाकीट उघडेल. चिठ्ठीचा फोटो काढून स्टेटसला लावू नये, तिला लावायचा असेल तर तो तिचा अधिकार आहे.

जाणे शक्य नसेल तर टपालाने पाठवावी आणि निदान आठ दिवस आधी पेटीत टाकावी, कारण दिवाळीत टपाल सुट्ट्यांमध्ये अडकते. निळे आंतरदेशीय पत्र या कामाला उत्तम आहे, पुरेल इतकीच जागा त्यात असते. परंतु त्याच्या आत दुसरे काही घालण्याची परवानगी नसते, हे लक्षात ठेवावे. साध्या पाकिटातूनही नोटा पाठवू नयेत. ओवाळणीचे पैसे वेगळे, तिच्या खात्यावर पाठवावेत. पाकिटाच्या मागच्या बाजूला "भाऊबीजेला उघड" असे लिहिले तर ते दोनचार दिवस आधी पोहोचले तरी चालते. माझ्या ताईने मात्र तिचे पाकीट हाती पडले त्याच संध्याकाळी उघडले असावे, कारण रात्री साडेनऊला तिचा फोन आला आणि काच पुसू नकोस, मी येईन तेव्हा मीच पुसते, एवढेच बोलून तिने तो आईकडे दिला.